स्कॅनमधली सावली काढायची असेल तर जमीन आधी कापू नका: एका बुंध्याची पूर्ण सफाई

फोटोग्रामेट्रीचं, म्हणजे भरपूर फोटोंवरून बनवलेलं थ्रीडी स्कॅन सॉफ्टवेअरमधून बाहेर आलं की पहिल्यांदा एकदम भारी दिसतं आणि मग तुम्ही ते आपल्या सीनमध्ये टाकता, त्यावर डावीकडून लाइट मारता आणि लगेच कळतं की काहीतरी फसलंय. भेगा आधीच काळ्या आहेत, त्यात रेंडररची सावली वरून पडते, खालची बाजू कायम अंधारलेली राहते आणि मॉडेल पिवळ्या संध्याकाळीही ढगाळ दुपारीच उभं असल्यासारखं दिसतं. वर एक कोटीच्या पुढे ट्रँगल, फाइल उघडायलाच पाच मिनिटं.

बहुतेक जण इथे एक चूक करतात, मीही बरेच दिवस करत होतो. आधी मेश साफ करायची, जमीन कापून टाकायची, ट्रँगल कमी करायचे, आणि शेवटी टेक्स्चर फोटो एडिटरमध्ये नेऊन शॅडो स्लायडर वर ढकलायचा. पण प्रकाश टेक्स्चरमधून काढायचा तर तो कुठून किती आला हे आधी कळायला हवं, आणि ते सांगते ती मूळ दाट मेश आणि तिच्या आजूबाजूची जमीन, म्हणजे नेमकं तेच जे आपण पहिल्या दहा मिनिटांत डिलीट केलेलं असतं. म्हणून या लेखात क्रम महत्त्वाचा आहे.

उदाहरण एकच घेतो, कापलेल्या झाडाचा बुंधा. उंची साधारण ६० सेंटीमीटर, व्यास ८०, वर करवतीने कापलेला सपाट भाग, बाजूला खोल भेगांची साल, खाली मुळं आणि गवत. ढगाळ दिवशी काढलेले १८० फोटो, सगळे रॉमध्ये, व्हाइट बॅलन्स आणि एक्सपोजर लॉक. रिकन्स्ट्रक्शननंतर १ कोटी ४० लाख ट्रँगल. हवंय काय, तर साधारण १२,००० ट्रँगल आणि ४०९६ पिक्सेलचा एक टेक्स्चर सेट, कुठल्याही लाइटमध्ये चालेल असा.

रॉ फोटोंबद्दल एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. फोटो डेव्हलप करताना कॉन्ट्रास्ट, क्लॅरिटी, शॅडो रिकव्हरी यातलं काहीही लावू नका, प्रोफाइल लिनिअर किंवा निदान एकदम फ्लॅट ठेवा. पुढे आपण टेक्स्चरला प्रकाशाने भागणार आहोत आणि पिक्सेलची किंमत प्रकाशाच्या प्रमाणात असेल तरच तो भागाकार बरोबर येतो. सुंदर दिसणारा कर्व्ह लावला की ते प्रमाण मोडतं आणि नंतर परत मिळत नाही.

आधी फक्त कचरा, मग डेसिमेशन

मूळ मेशची एक कॉपी वेगळी ठेवा आणि तिला हात लावू नका. दुसऱ्या कॉपीतून हवेत तरंगणारे तुकडे काढायचे. गवत असलं की असे हजारो तुकडे येतात, हाताने निवडत बसू नका, मेशलॅबमध्ये `Remove Isolated pieces (wrt Face Num)` हा फिल्टर आहे, ५००० पेक्षा कमी फेस असलेला प्रत्येक सुटा तुकडा उडवा. बुंध्याभोवतीची मीटरभर जमीन मात्र राहू द्या. त्यापलीकडचं वितळल्यासारखं दिसणारं गवत कापलं तरी चालेल.

आता डेसिमेशन. इथे लोक थेट १ कोटी ४० लाखांवरून १२,००० वर उडी मारतात आणि मग सालीचं प्लॅस्टिक झालं म्हणून रडतात. आपल्याला तीन मेश लागणार आहेत: मूळ, मधली आणि शेवटची. डेसिमेशन फक्त मधली मेश बनवण्यासाठी, म्हणजे ब्लेंडरला पेलेल इतकी हलकी पण प्रत्येक भेग शाबूत असलेली. बुंध्यासाठी १५ लाख ट्रँगल पुरे झाले.

यामागे वापरली जाते ती क्वाड्रिक एज कोलॅप्स पद्धत. गारलँड आणि हेकबर्ट यांनी १९९७ मध्ये मांडलेली आणि अजूनही सगळीकडे चालणारी. प्रत्येक कड मिटवली तर पृष्ठभाग किती सरकेल याचा हिशोब करायचा आणि सगळ्यात कमी नुकसान करणारी कड आधी मिटवायची. म्हणून सपाट कापलेल्या भागावरचे ट्रँगल भराभर कमी होतात आणि भेगांच्या कडा टिकतात. ब्लेंडरच्या `Decimate` मॉडिफायरमधला `Collapse` पण हेच करतो, फक्त कोटभर ट्रँगल त्यात टाकले की मशीन गुदमरतं, म्हणून हे काम बाहेर करा. वारंवार करायचं असेल तर पायमेशलॅबच्या चार ओळी लिहून ठेवा:

```python
import pymeshlab
ms = pymeshlab.MeshSet()
ms.load_new_mesh("bundha_full.ply")
ms.meshing_remove_connected_component_by_face_number(mincomponentsize=5000)
ms.meshing_decimation_quadric_edge_collapse(
    targetfacenum=1500000, qualitythr=0.5, preservenormal=True)
ms.save_current_mesh("bundha_mid.ply")
```

`qualitythr` जेवढा १ च्या जवळ, तेवढे सुईसारखे लांबट ट्रँगल टाळले जातात. `preservenormal` चालू नसेल तर पातळ ठिकाणी, म्हणजे सालीच्या सुटलेल्या पापुद्र्यांवर, काही फेस उलटे फिरतात आणि बेकमध्ये काळे ठिपके देतात.

जास्त कापलं गेलं का हे डोळ्यांनी बघून नीट कळत नाही, कारण टेक्स्चर सगळं झाकतं. टेक्स्चर बंद करून मॅटकॅपमध्ये बघा, आणि त्याहून चांगलं म्हणजे मेशलॅबचा `Hausdorff Distance` फिल्टर चालवून मूळ आणि मधल्या मेशमधलं सरासरी अंतर काढा. आता ते अंतर किती चालेल? बुंध्याचा दिसणारा पृष्ठभाग अंदाजे २ चौरस मीटर, ४०९६ च्या टेक्स्चरमधली ७० टक्के जागा वापरली असं धरलं तर सेंटीमीटरला साधारण २४ पिक्सेल पडतात, म्हणजे एक पिक्सेल ०.४ मिलिमीटरचा. सरासरी चूक त्याच्या निम्म्याहून कमी असेल तर ती नॉर्मल मॅपमध्ये दिसणारच नाही. अट इतकीच की स्केल बरोबर लावलेलं असावं. ते आत्ताच लावून टाका, कारण पुढचे सगळे आकडे सेंटीमीटरमध्ये आहेत.

एक मोठा खड्डा आहे इथे: डेसिमेशनमध्ये यूव्ही बिघडतात. टेक्स्चरसकट डेसिमेट करणारा वेगळा फिल्टर आहे खरा, पण यूव्हीच्या शिवणींना जपताना तो ट्रँगल नको तिथे राखतो आणि फोटोग्रामेट्रीच्या यूव्हीमध्ये तर शेकडो बेटं असतात. सरळ मार्ग असा की मधली मेश परत फोटोग्रामेट्री सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट करायची आणि तिच्यावर फोटोंमधून टेक्स्चर नव्याने बनवायचं. मेटाशेपमध्ये तर बाहेर जायचीही गरज नाही, `Decimate Mesh` आणि मग `Build Texture`. आता जिच्यावर खरा रंग आहे अशी १५ लाखांची मेश हातात आली. इथून पुढे 'हाय' म्हटलं की ही.

रिटोपो: भेगांत उतरायचं नाही

रिटोपो म्हणजे त्याच आकारावर कमी फेसची नवी मेश बनवणं. बुंधा हलत नाही, वाकत नाही, त्यामुळे कॅरेक्टरसारखे सुंदर एज लूप घालत बसायची गरज नाही. तरी क्वाड हवेत, कारण यूव्ही कापणं आणि नंतर हाताने दुरुस्ती करणं क्वाडवर फार सोपं जातं.

हाय मेशची कॉपी घ्या, या कॉपीतून जमीन कापा (हो, फक्त या कॉपीतून), उघडा पडलेला तळ फेस भरून बंद करा आणि त्यावर ब्लेंडरचा व्हॉक्सेल रिमेश चालवा, व्हॉक्सेल साइज १ सेंटीमीटर. यातून दोन गोष्टी होतात. मेश बंद आणि मॅनिफोल्ड होते, जी `QuadriFlow` ची अटच आहे, नाहीतर तो सरळ एरर देऊन थांबतो. आणि सेंटीमीटरपेक्षा अरुंद भेगा आपोआप बुजतात. या गुळगुळीत कॉपीला मी 'साचा' म्हणतो. साच्याची अजून एक कॉपी करून तिच्यावर क्वाड्रिफ्लो, ६००० फेस, म्हणजे १२,००० ट्रँगल. हीच आपली 'लो' मेश. इन्स्टंट मेशेस वापरायचं असेल तर तेही चालतं, त्यात ब्रशने कडांची दिशा दाखवता येते, मुळांवर त्याचा उपयोग होतो.

रिमेशमध्ये आकार थोडा आकसतो, म्हणून आता श्रिंकरॅप मॉडिफायर लावायचा. आणि इथेच सगळ्यांचं बिनसतं, कारण लोक तो थेट हाय मेशवर लावतात. `Nearest Surface Point` प्रत्येक व्हर्टेक्सला सगळ्यात जवळच्या पृष्ठभागावर नेतो, मग एक व्हर्टेक्स सालीच्या माथ्यावर बसतो, शेजारचा भेगेच्या भिंतीवर, त्याच्या शेजारचा परत माथ्यावर, आणि पूर्ण मेश करवतीच्या दातांसारखी वरखाली होते. त्याच्यावर बेक केलेला नॉर्मल मॅप हा वाकडेपणा सरळ करण्यातच खर्ची पडतो. त्यामुळे श्रिंकरॅप साच्यावर लावा, हाय मेशवर नाही. भेगांची खोली नॉर्मल मॅप दाखवेल. फक्त ज्या भेगा बाहेरच्या रेषेवर, म्हणजे सिल्हूटमध्ये दिसतात, अशा दोन-तीन मोठ्या भेगा हाताने आत ढकला. माझ्या बुंध्यात अशी एकच होती, मधोमध फाटलेली.

हाताने करायचं दुसरं काम म्हणजे वरची कड. कापलेला सपाट भाग आणि साल जिथे भेटतात तिथे ऑटोमॅटिक रिटोपो कधीच कडेवर लूप ठेवत नाही, क्वाड तिरके कडेवरून पलीकडे जातात आणि कड साबणाच्या वडीसारखी गोल होते. तिथले फेस काढून कडेवरून एक सलग लूप फिरवा. कंटाळवाणं आहे, वीस मिनिटं जातात, पण लांबून बघणाऱ्याला बुंधा कापलेला वाटतो तो या एका लूपमुळे.

यूव्ही: एक शिवण त्या वरच्या लूपवर, एक उभी शिवण ज्या बाजूने कमी बघितलं जाईल तिथे, मुळांच्या पोटाशी गरजेपुरत्या दोन-चार. तळ डिलीट करा, तो जमिनीत जाणार. बेटांमध्ये १६ पिक्सेल अंतर ठेवा. आणि बेक करण्याआधी मेश ट्रँग्युलेट करा, तीच ट्रँग्युलेट केलेली मेश एक्सपोर्ट करा, कारण बेक एका कर्णाने आणि इंजिन दुसऱ्या कर्णाने क्वाड फोडतं तेव्हा नॉर्मल मॅपवर फुलीसारखे डाग दिसतात आणि माणूस दिवसभर बेक सेटिंग बदलत बसतो.

हायवरून लोवर बेक

बेक म्हणजे हाय मेशवरचा तपशील लो मेशच्या टेक्स्चरवर उतरवणं. ब्लेंडरच्या सायकल्समध्ये `Selected to Active`, `Extrusion` १ सेंटीमीटर, `Max Ray Distance` २ ते ३ सेंटीमीटर. अंतर कमी पडलं तर सालीच्या माथ्यांवर किंवा खोल भेगांत सपाट काळे तुकडे येतात, जास्त झालं तर एका मुळावर शेजारच्या मुळाचा किंवा गवताचा रंग छापला जातो. दोन्ही चुका मुळांच्या बेचक्यात आधी दिसतात, तिथेच झूम करून बघा.

नॉर्मल मॅप नेहमीप्रमाणे. रंगासाठी मात्र `Diffuse` बेक न वापरता हाय मेशचं टेक्स्चर सरळ `Emission` शेडरला जोडा आणि `Emit` बेक करा, म्हणजे सीनमधला कुठलाच लाइट मध्ये येत नाही. इमेज बनवताना `32-bit Float` वर टिक करा. ८ बिटमध्ये गडद भागात पायऱ्या कमी असतात आणि आपण नेमका गडद भाग ताणणार आहोत. या बेकला 'फोटो रंग' म्हणू. यात सालीचा खरा रंग आणि त्या दिवशीचा प्रकाश दोन्ही गुंतलेले आहेत.

आता प्रकाश काढायचा

कल्पना सोपी आहे. खरखरीत, चमक नसलेल्या पृष्ठभागावर फोटोतली किंमत म्हणजे खरा रंग गुणिले तिथे पोचलेला प्रकाश. प्रकाश किती पोचला हे मेशवरून काढता आलं तर फोटो रंगाला त्याने भागायचं, उरतो तो खरा रंग. बरेच जण इथे एओ मॅपने, म्हणजे आडोशामुळे किती प्रकाश अडला हे दाखवणाऱ्या अँबियंट ऑक्लूजन मॅपने भागतात. एओ सगळ्या दिशांनी सारखा प्रकाश धरतो, आकाश तसं नसतं. ढगाळ आकाश डोक्यावर क्षितिजापेक्षा साधारण तिप्पट उजळ असतं आणि खालून तर फक्त जमिनीवरून उसळलेला प्रकाश येतो. म्हणून एओने भागलं की भेगा जरा सुधारतात, पण वरचा भाग उजळ आणि बाजू गडद हा फरक तसाच राहतो.

त्याऐवजी त्या दिवशीचं आकाशच ब्लेंडरमध्ये बनवायचं. वर्ल्ड शेडरमध्ये `Texture Coordinate` चं `Generated`, तिथून `Separate XYZ`, त्यातल्या Z वर हा हिशोब:

```
(1 + 2*Z) / 3
```

हा `Background` च्या रंगात जोडा आणि `Strength` १.२८६ ठेवा. हा आकडा हवेतून आलेला नाही. या आकाशाखाली मोकळ्या, आडव्या पृष्ठभागाला पोचणारा प्रकाश ७/९ भरतो, त्याला ९/७ ने गुणलं की बरोबर १ होतो. म्हणजे पुढे बेकमधली प्रत्येक किंमत 'मोकळ्या आडव्या जागेच्या तुलनेत किती' अशी थेट वाचता येते.

आता ती जपून ठेवलेली जमीन कामाला येते. हाय मेशसोबतची मीटरभर जमीन तशीच, आणि तिच्या खाली वीसेक मीटरचा एक साधा प्लेन, साधारण ०.२ च्या गवताळ रंगाचा. बुंध्याला साधं डिफ्यूज मटेरियल द्या, ०.१५ चं राखाडी. पांढरं देऊ नका, पांढऱ्या भेगेत प्रकाश भिंतींवरून उसळत राहतो आणि भेग खऱ्यापेक्षा उजळ मोजली जाते. स्कॅनमधल्या जमिनीला मात्र तिचं स्वतःचं टेक्स्चर राहू द्या. गवतावरून उसळलेला हिरवा रंग बुंध्याच्या खालच्या दहा-पंधरा सेंटीमीटरवर चढलेला असतो, तो या बेकमध्ये येतो आणि भागाकारात आपोआप निघून जातो.

परत `Selected to Active`, या वेळी `Diffuse` बेक, `Direct` आणि `Indirect` चालू, `Color` बंद. सॅम्पल ५१२ ठेवा, इमेज ३२ बिट आणि कलर स्पेस `Non-Color`. हा झाला 'प्रकाश मॅप'. बघा तो काय सांगतो: वरच्या कापलेल्या भागावर १ च्या आसपास, मोकळ्या उभ्या सालीवर साधारण ०.५ (त्यातले ०.४ आकाशाचे, ०.१ जमिनीचे), खोल भेगेत ०.१५. वरच्या सपाट भागावर १ च्या जवळ किंमत दिसत नसेल तर पुढे जाऊ नका, आकाश उलटं लागलंय किंवा मॉडेलचा Z वर नाहीये.

भागाकार शेडरमध्येच करतो मी. लो मेशवर फोटो रंग आणि प्रकाश मॅप दोन्ही इमेज नोड, प्रकाश मॅपवर `Vector Math` नोडचा `Maximum`, तिन्ही चॅनलला ०.०८, म्हणजे शून्याच्या जवळ भागाकार फुटत नाही आणि मॅपचा रंगही टिकतो, मग `Mix Color` नोड `Divide` मोडमध्ये आणि `Factor` १, तिथून `Emission`, आणि तिसऱ्याच नव्या इमेजमध्ये `Emit` बेक, `Selected to Active` बंद करून. एकाच इमेजमधून वाचून तिच्यातच बेक करू नका.

फोटो एडिटरमध्ये हेच का करू नये, त्याचं उत्तर आकड्यांत बघा. सालीचा मोकळा भाग एस-आरजीबीमध्ये ८० आहे आणि भेग ४०. लिनिअरमध्ये हे ०.०८० आणि ०.०२१ होतात. पहिल्याला ०.५ ने आणि दुसऱ्याला ०.१५ ने भागलं की ०.१६० आणि ०.१४१, परत एस-आरजीबीमध्ये १११ आणि १०५. म्हणजे भेग आणि साल जवळपास एकाच रंगाची, जे खरंही आहे, लाकूड तेच आहे. आता हाच भागाकार सरळ एस-आरजीबीच्या आकड्यांवर केला तर साल १६० आणि भेग २६७, म्हणजे पांढरीफेक. भेगा चमकायला लागल्या की समजा भागाकार चुकीच्या स्पेसमध्ये झालाय. ब्लेंडरच्या नोडमध्ये हिशोब लिनिअरमध्येच होतो, फक्त फोटो रंगाच्या नोडवर कलर स्पेस बरोबर हवी.

उरला एक्सपोजर. फोटो काढताना बुंध्यावर आडवं १८ टक्के ग्रे कार्ड ठेवून एक फोटो काढला असेल तर काम सोपं, डेव्हलप करताना ते कार्ड एस-आरजीबी ११८ वर आणा आणि सगळ्या फोटोंना तेच एक्सपोजर द्या. कार्ड आडवं होतं, आडव्याला प्रकाश १ धरलाय, त्यामुळे सगळा हिशोब जुळतो.

जिथे हे फसतं

पूर्ण भागाकार बहुतेक वेळा थोडा जास्तच होतो. स्कॅनमधली भेग खऱ्या भेगेइतकीच खोल असते असं नाही, आणि भेगांत माती, ओल साचलेली असते, ती खरंच गडद असते. ती सगळी पुसली की साल धुऊन वाळवल्यासारखी दिसते. म्हणून प्रकाश मॅपवर भागाकाराआधी `Gamma` नोड लावून त्यात घात ०.८ देतो मी. १ ची किंमत १ च राहते, गडद भागाची दुरुस्ती तेवढी सौम्य होते.

भेगांच्या कडेने पातळ उजळ रेघ दिसली तर प्रकाश मॅप आणि फोटो रंग किंचित सरकलेले आहेत. दोन्ही बेक एकाच केज सेटिंगने झाले का ते आधी बघा, कारण एकदा मी रंग १ सेंटीमीटर एक्स्ट्रूजनने आणि प्रकाश ३ सेंटीमीटरने बेक करून दोन तास डोकं खाजवत बसलो होतो. तसं नसेल तर प्रकाश मॅपला दोन-तीन पिक्सेलचा ब्लर द्या.

खोल भागात रंगीत दाणे दिसत असतील तर ते कॅमेऱ्याचे आहेत. ०.१५ ने भागणं म्हणजे साधारण पावणेसातपट करणं, त्यासोबत नॉइजही तितकाच वाढतो. जेपीईजीवरून टेक्स्चर बनवलं असेल तर चौकोनी ठोकळे दिसतील आणि त्यावर इलाज नाही. अशा ठिकाणी मी `Maximum` ची किंमत ०.०८ वरून ०.२ करतो आणि भेग जराशी गडद राहू देतो.

शेवाळ आणि ओले डाग भागाकाराला कळत नाहीत. ओल्या लाकडावर चमक असते आणि चमक म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, ते या सूत्रात बसतच नाही. तेवढा भाग हाताने मास्क करून शेजारच्या कोरड्या भागावरून क्लोन करा. क्रॉस पोलरायझेशनने फोटो काढले तर चमक जाते, सावली जात नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आणि उन्हात काढलेलं स्कॅन? सूर्याची दिशा शोधून सन लाइट लावता येतो, तत्त्व तेच, पण फोटो काढायला अर्धा तास लागतो तेवढ्यात सावली सरकलेली असते, टेक्स्चरमध्ये त्या सगळ्या सावल्या मिसळतात, कुठल्याच एका सूर्याशी ती कड जुळत नाही आणि तिथे एक उजळ आणि एक काळी अशी जोडरेघ उरते. सावलीच्या कडांवर हाताने रंगवायची तयारी असेल तरच त्यात पडा, नाहीतर ढगाची वाट बघून परत फोटो काढा, लवकर होतं.

झालं का हे कसं ओळखायचं

नवीन रंग मॅप लो मेशवर लाइटशिवाय, सपाट बघा. तो कंटाळवाणा दिसायला हवा, वर कुठली बाजू आणि खाली कुठली हे रंगावरून सांगता यायला नको. पण कापलेला भाग आणि साल यांची तुलना करून काही सिद्ध होत नाही, ती मुळात वेगळ्या रंगाची आहेत. सालीचीच तुलना सालीशी करा: मुळाच्या पाठीवरची वर तोंड करून असलेली साल आणि बुंध्याच्या उभ्या बाजूची साल, दोन्हीकडे हाताएवढ्या भागाची सरासरी घ्या. माझ्या बुंध्यावर आधी हा फरक जवळजवळ दुप्पट होता लिनिअरमध्ये, नंतर आठ-दहा टक्क्यांवर आला. पाठ अजूनही उजळ असेल तर दुरुस्ती कमी पडली, घात ०.९ करून बघा, उलट बाजू उजळ झाली असेल तर जमिनीच्या प्लेनचा रंग फार गडद दिलाय, उसळलेला प्रकाश कमी मोजला गेलाय.

मग लाइट लावा, तोही मुद्दाम खालून. खऱ्या जगात असा प्रकाश जवळपास कधी पडत नाही, त्यामुळे उरलेली सावली इथे लपू शकत नाही. मुळांच्या पोटाशी काळा पट्टा दिसला तर तो टेक्स्चरमधला आहे.

एओ मॅप नंतर हाय मेशवरून वेगळा बेक करा आणि वेगळाच ठेवा, रंगात गुणून टाकू नका, नाहीतर एवढी काढलेली सावली परत आत गेली. लांबून दिसण्यासाठी हलक्या आवृत्त्या, म्हणजे एलओडी बनवायचे तर या १२,००० च्या मेशलाच `Decimate` लावा, ४००० आणि मग १२००. यूव्ही तीच राहते, टेक्स्चर परत बेक करायला लागत नाही, आणि शिवणींवर ताण दिसायला लागला की तिथेच थांबायचं. मूळ १ कोटी ४० लाखांची फाइल आणि जमिनीसकट हाय मेश डिस्कवर राहू द्या, कारण सहा महिन्यांनी कोणीतरी ८ हजार पिक्सेलचं टेक्स्चर मागतंच.